तारीख खरी, तर घाई खरी

दिवाळीला महिनाभर उरला की परदेशी फराळ पाठवणाऱ्यांचे मेल सुरू होतात. त्यातल्या एका मेलची दुरुस्ती इथे करून दाखवायची आहे. मेल कोणा एका व्यवसायाचा नाही. अशा मेलमध्ये हमखास सापडणाऱ्या ओळी एकत्र करून तो मी बेतला आहे. पुण्यातला एक घरगुती व्यवसाय आहे, असं समजू. लंडन, दुबई आणि सिंगापूरला चार किलोचा फराळाचा डबा तो घरपोच पाठवतो. डब्याची किंमत ६,००० रुपये आहे. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि १० ऑक्टोबरपर्यंत नोंदणी करणाऱ्याला १५ टक्के सवलत, म्हणजे डबा ५,१०० रुपयांना मिळतो. त्यांचा मेल असा:

> विषय: शेवटची संधी!!! आत्ता नाही तर कधीच नाही!
>
> प्रिय ग्राहक,
>
> तुमची मुलं यंदा फराळाशिवाय दिवाळी करणार का? डबे झपाट्याने संपत आहेत! फक्त ७ शिल्लक! गेल्या एका तासात ४३ जणांनी नोंदणी केली! १५ टक्के सवलत फक्त १० ऑक्टोबरपर्यंत! त्यानंतर फराळ दिवाळीला पोहोचेलच असं नाही. अशी संधी पुन्हा येणार नाही. विचार करत बसू नका!
>
> [हो, मला डबा हवा] [नको, माझी मुलं राहतील फराळाशिवाय]

या मेलमध्ये एकच गोष्ट खरी आहे: १० ऑक्टोबर ही तारीख. ती आपल्याला ठेवायचीच आहे. मुदत काढून टाकली, तर ज्यांना डबा खरंच हवा आहे तेही ‘बघू नंतर’ म्हणून विसरतील आणि मग पूर्ण किंमत मोजतील. तेव्हा मुदत सांगणं हे गिऱ्हाइकाच्याही सोयीचं आहे. बिघाड तारखेत नाही, तिच्याभोवती रचलेल्या मजकुरात आहे.

दबाव चालतो तो का

टंचाईचा माणसाच्या मनावर परिणाम होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. स्टीफन वॉर्चेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना दहा बिस्किटं असलेली बरणी दिली आणि काहींना दोनच बिस्किटं असलेली. बिस्किटं तीच होती, तरी दोनच असलेल्या बरणीतलं बिस्किट लोकांना जास्त हवंसं आणि जास्त मोलाचं वाटलं. बाकीची बिस्किटं इतरांनी उचलल्यामुळे कमी झाली असं कळलं, तेव्हा ओढ आणखी वाढली. ‘४३ जणांनी नोंदणी केली’ ही ओळ नेमकी हीच तार छेडते.

पण त्याच प्रयोगातली दुसरी बाब मेल लिहिणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. दुर्मिळ बिस्किट हवंसं वाटलं, तरी ते चवीला अधिक चांगलं असल्याचं कोणी म्हटलं नाही. टंचाई ओढ वाढवते, समाधान वाढवत नाही. दबावाखाली घेतलेला डबा उघडल्यावर चकली तितकीच खुसखुशीत असते जितकी शांतपणे घेतलेल्या डब्यातली. फरक एवढाच, की पहिल्या गिऱ्हाइकाला आठवड्याने तीच सवलत पुन्हा दिसली, तर आपल्याला फसवलं हे त्याला चकलीच्या चवीपेक्षा जास्त दिवस आठवतं.

आता हा केवळ रीतीभातीचा प्रश्नही उरलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या मांडणीचे १३ प्रकार त्यात दिले आहेत आणि त्यात खोट्या घाईचा स्पष्ट उल्लेख आहे. माल आहे त्यापेक्षा कमी असल्याचं भासवणं किंवा मागणी नसताना ती असल्याचं दाखवणं, म्हणजे ‘फक्त ७ शिल्लक’ आणि ‘एका तासात ४३ जण’ या ओळी खोट्या असतील, तर त्या याच प्रकारात मोडतात. ‘नको, माझी मुलं राहतील फराळाशिवाय’ हे बटणही त्या १३ मध्ये आहे: नकार देणाऱ्याला लाज वाटायला लावून होकार काढणं.

मेल लिहिण्याआधी विचारायचे प्रश्न

असा मेल दुरुस्त करायला घेतला की मी आधी शब्दांना हात लावत नाही. व्यवसाय चालवणाऱ्या बाईंना तीन गोष्टी विचारते. मुदत हीच तारीख का? ११ तारखेला सकाळी नेमकं काय बदलतं? आणि आकडे कोणत्या नोंदीतून आले?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा त्यांच्याकडे तयार असतं, फक्त ते मेलमध्ये घालावं असं कोणाला सुचलेलं नसतं. आपल्या उदाहरणात ते असं आहे: काजू, हरभराडाळ, तूप आणि भाजणीचं धान्य १२ ऑक्टोबरला मार्केट यार्डातून एकदम घ्यायचं आहे. किती डबे होणार हे त्याआधी कळलं, तर माल घाऊक दरात आणि मोजून घेता येतो आणि कुरिअरवाल्याशीही एकगठ्ठा दर ठरवता येतो. त्यातून वाचलेले पैसे त्या लवकर नोंदणी करणाऱ्याला देतात. इतकं साधं, खरं आणि पटणारं कारण असताना मेलमध्ये मात्र ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ असं लिहिलं होतं.

दुसऱ्या प्रश्नाने खरी गाठ सुटते. ११ तारखेला काय होतं? किंमत ६,००० होते, इतकंच. फराळ त्यानंतरही दिवाळीला पोहोचतो. सगळे डबे ताजे तळून २६ ऑक्टोबरला रवाना होणार आहेत आणि पोहोचायला आठ ते दहा दिवस लागतात. तयारीसाठी चार दिवस धरले, तर २२ ऑक्टोबरपर्यंत नोंदणी घेता येते. म्हणजे मुदती दोन आहेत. १० ऑक्टोबर ही सवलतीची आणि २२ ऑक्टोबर ही दिवाळीपूर्वी पोहोचण्याची. मूळ मेलने या दोन्ही एकत्र कालवल्या आणि सवलत संपण्याच्या भीतीला फराळ न पोहोचण्याची भीती जोडली. ‘पोहोचेलच असं नाही’ या शब्दांत धडधडीत खोटं काही नाही, म्हणून लिहिणाऱ्याला ते खटकतही नाही. वाचणारी आई मात्र १० तारीख चुकली तर लेकाला फराळ मिळणार नाही असाच त्याचा अर्थ घेते. वाक्य अक्षरशः खरं असून भागत नाही. ते वाचून जी समजूत होते, तीही खरी असावी लागते. मला या सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाची कसोटी हीच वाटते.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा अवघडलेलं शांतपण असतं. ‘७ शिल्लक’ कुठून आलं? मेल पाठवण्याच्या साधनातल्या तयार साच्यातून. मग विचारायचं, की मर्यादा खरंच आहे का? या व्यवसायाला आहे: त्यांच्या स्वयंपाकघरात दिवाळीच्या हंगामात २०० पेक्षा जास्त डबे होत नाहीत. ६ ऑक्टोबरच्या सकाळी वहीत १३० डब्यांची नोंद आहे. म्हणजे ७० उरलेत. खोट्या सातापेक्षा खरे सत्तर लिहावेत आणि ते कधी मोजले तेही लिहावं. संध्याकाळी मेल उघडणाऱ्याला सकाळचा आकडा सकाळचा म्हणूनच कळला पाहिजे.

दुरुस्त केलेला मेल

आता लिहायला बसू. तारीख तीच, सवलत तीच.

> विषय: फराळाच्या डब्यावर १५ टक्के सवलत, शनिवार १० ऑक्टोबरपर्यंत
>
> नमस्कार,
>
> लंडन, दुबई आणि सिंगापूरसाठी दिवाळीच्या फराळाची नोंदणी सुरू आहे. चार किलोच्या डब्यात भाजणीची चकली, पातळ पोह्यांचा चिवडा, बेसनाचे लाडू, शंकरपाळे, शेव आणि सुक्या सारणाच्या करंज्या आहेत.
>
> शनिवार, १० ऑक्टोबरला भारतीय वेळेनुसार रात्री ८ वाजेपर्यंत नोंदणी केल्यास डबा ५,१०० रुपयांना मिळेल. त्यानंतर किंमत ६,००० रुपये. दोन्हींत घरपोच पाठवण्याचा खर्च धरलेला आहे.
>
> ही तारीख का? सोमवारी, १२ तारखेला आम्ही सगळं सामान एकदम आणतो. त्याआधी डब्यांची संख्या कळली की माल आणि कुरिअर दोन्ही स्वस्तात पडतं. तो फायदा आम्ही लवकर नोंदणी करणाऱ्यांना देतो.
>
> १० तारीख चुकली तरी फराळ दिवाळीला पोहोचेल. पूर्ण किमतीची नोंदणी २२ ऑक्टोबरपर्यंत सुरू राहील. सगळे डबे २६ ऑक्टोबरला निघतील. पोहोचायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात.
>
> यंदा आम्ही २०० डबे करणार आहोत. मंगळवार, ६ ऑक्टोबरच्या सकाळपर्यंत १३० नोंदले गेले आहेत. २०० भरले, तर नोंदणी त्याआधीच थांबेल.
>
> [डबा नोंदवा]
>
> काही विचारायचं असल्यास याच मेलला उत्तर द्या. यापुढे असे मेल नको असतील, तर खालच्या दुव्यावर एकदा दाबा.

हा मेल आधीच्यापेक्षा लांब आहे आणि तरी वाचायला हलका आहे, कारण वाचणाऱ्याला काहीही ताडून पाहावं लागत नाही. उद्गारचिन्हं गेली, ती शिष्टाचारासाठी नव्हे. ती कारणाच्या जागी बसलेली होती. कारण आलं तेव्हा त्यांचं काम संपलं.

काही निवडी मुद्दाम केल्या आहेत. विषयाच्या ओळीत वस्तू आणि सवलत आधी आली, कारण फोनवर त्या ओळीचा सुरुवातीचा भागच दिसतो. मेल न उघडताही माणसाला समजलं पाहिजे की हा कशाबद्दल आहे आणि आपल्या कामाचा आहे की नाही. उघडायला लावण्यासाठी अर्धवट ओळ लिहिली, तर उघडणाऱ्यांचा आकडा फुगतो, पण उघडल्यावर वैतागून बंद करणाऱ्यांचाही फुगतो.

वेळ रात्री ८ ठेवली, ती परदेशी वाचकांसाठी. ‘१० तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत’ हे पुण्यात सोपं वाटतं, पण भारतात रात्रीचे बारा वाजायला येतात, तेव्हा सिंगापुरात ११ तारखेचे अडीच वाजत आलेले असतात आणि लंडनमध्ये १० तारखेची संध्याकाळच असते. त्यामुळे कोणाची मध्यरात्र, यावर वाद होतो. भारतीय रात्री ८ म्हणजे सिंगापुरात साडेदहा, दुबईत साडेसहा आणि लंडनमध्ये दुपारचे साडेतीन. तिन्ही ठिकाणी तारीख १० च राहते.

‘१० तारीख चुकली तरी फराळ पोहोचेल’ या ओळीवर व्यवसाय चालवणारे बहुधा अडतात. ‘असं सांगितलं तर लोक थांबतील ना?’ काही थांबतील, हे खरंच आहे. ज्यांना ९०० रुपयांपेक्षा चार दिवस विचार करणं महत्त्वाचं वाटतं, ते थांबतील आणि मग पूर्ण किंमत देतील. तो त्यांचा हिशेब आहे आणि तो त्यांनी खरी माहिती हातात असताना करावा. शिवाय हीच ओळ नसेल, तर १२ तारखेला मेल उघडणारा माणूस सगळंच संपलं असं समजून दुसरीकडे जातो. भीती घालून मिळवलेल्या नोंदणीच्या बदल्यात असं गिऱ्हाईक हातचं जातं आणि ते कोणत्याच हिशेबात दिसत नाही.

कारणच नसेल तर?

प्रत्येक सवलतीमागे १२ तारखेची खरेदी नसते. कधी दुकानदार फक्त ठरवतो की या आठवड्यात विक्री व्हावी. तीही रास्त गोष्ट आहे. तेव्हा कारण रचायचं नाही. ‘नोंदणी लवकर व्हावी म्हणून आम्ही ही सवलत १० तारखेपर्यंत ठेवली आहे’ एवढं पुरतं. मुदत मालकाने ठरवलेली असली तरी खरी असू शकते. ती खोटी ठरते ती पाळली नाही तर.

नेमकं इथेच बहुतेक मेल घसरतात. ११ तारखेला सकाळी दुसरा मेल येतो: ‘प्रचंड प्रतिसादामुळे मुदत वाढवली!’ वाचणाऱ्याला यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, की काल घाई करून पैसे भरणारा खुळा ठरला. दुसरी, की पुढच्या वर्षीच्या तारखेला घाबरायचं कारण नाही. पुढच्या मुदतीचं वजन स्वतःच्या हाताने असं उतरवलं, की मग तिला उद्गारचिन्हांचा टेकू द्यावा लागतो आणि सगळं पुन्हा पहिल्या मेलवर येतं.

मुदत वाढवायची खरी वेळही येते. समजा, १० तारखेला संध्याकाळी पाच ते सात पैसे भरण्याचं पान बंद पडलं. मग सरळ लिहावं: ‘आज ५ ते ७ पैसे भरता येत नव्हते. म्हणून सवलत उद्या, रविवारी सकाळी १० पर्यंत ठेवली आहे.’ काय बिघडलं, किती वेळ आणि नवी वेळ कोणती, या तीन गोष्टी असल्या की ही सबब नाही हे वाचणाऱ्याला कळतं. तांत्रिक अडचण न येता ती आल्याचं लिहिणं मात्र पुष्कळ चालतं आणि दरवर्षी त्याच दिवशी अडचण येऊ लागली की ते लपत नाही.

आठवण किती वेळा

एक मेल सगळे वाचत नाहीत, म्हणून आठवण करून देणं योग्यच. माझ्या मते या मुदतीला तीन मेल पुरतात: सुरुवातीला सविस्तर, मंगळवारी वरचा, आणि शनिवारी सकाळी दोनच ओळींचा. ‘१५ टक्के सवलत आज रात्री ८ वाजता संपते. काल रात्रीपर्यंत १६२ डबे नोंदले गेले आहेत.’ शेवटच्या दिवशी ‘आज’ हा शब्द आपल्या बळावर पुरेसा असतो. ज्यांनी नोंदणी केली आहे, त्यांना यादीतून वगळून हा मेल पाठवायचा. पैसे भरलेल्या माणसाला ‘शेवटचे काही तास’ असं सांगणारा मेल आला, की आपली नोंद झाली का या शंकेने तो फोन करतो.

जास्त मेल पाठवण्याची किंमत मोजताही येते. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. स्पॅम म्हणून तक्रार होण्याचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहावं अशी त्यांची अट आहे. म्हणजे हजार मेलमागे तीन तक्रारींनाच ती ओलांडली जाते. तसं होत राहिलं, तर पुढचे मेल, अगदी पैसे मिळाल्याची पोच देणारेही, स्पॅमच्या कप्प्यात जाण्याचा धोका असतो. मेल बंद करण्याचा दुवा बारीक अक्षरांत दडवला, की कंटाळलेला माणूस हाताला येईल ते स्पॅमचं बटण दाबतो. म्हणून तो दुवा ठळक ठेवणं पाठवणाऱ्याच्याच फायद्याचं आहे.

नवा मेल चालला की नाही, हे फक्त १० तारखेच्या विक्रीवरून ठरवू नये. त्या एका दिवशी दबावाचा मेल कदाचित पुढेही जाईल. पाहायचं ते हे, की ११ ते २२ तारखेदरम्यान पूर्ण किमतीला किती डबे गेले, किती जणांनी नोंदणी रद्द केली, किती जणांनी मेल बंद केले, आणि ‘दिवाळीला नक्की पोहोचेल ना?’ असं विचारणारे किती फोन आले. हा शेवटचा आकडा घटला असेल, तर मेलने आपलं काम केलं.

राहता राहिला ११ तारखेचा तो एक मेल, जो कोणाच्या तरी पेटीत येतोच: ‘काल प्रवासात होते, सवलत मिळेल का?’ इथे नियम आधीच ठरवून ठेवावा आणि तो सगळ्यांना सारखा असावा. मी सुचवते ते उत्तर असं: ‘ताई, सवलत काल रात्री ८ ला संपली. ज्यांनी वेळेत नोंदणी केली त्यांना दिलेला शब्द म्हणून ती आता देता येत नाही. डबा ६,००० रुपयांना २२ तारखेपर्यंत नोंदवता येईल आणि दिवाळीआधी पोहोचेल. तुमच्यासाठी एक ठेवू का?’ असं उत्तर ज्याला निःसंकोच पाठवता येतं, त्याने आदल्या आठवड्यातला मेल खरा लिहिला होता. ते पाठवताना ज्याचा हात अडखळतो, त्याने पुढच्या वर्षी मुदत ठरवतानाच पुन्हा विचार करावा.